शिकाऊ हातांसाठी गाडी: दसऱ्याची नवी की लायसन्सच्या तारखेची जुनी?

आमच्या घरात शिकाऊ चालकासाठी म्हणून गाडी दोनदा घेतली गेली. पहिली २०२१ मध्ये पत्नीसाठी नोंदवली. ती नवी कोरी होती आणि तिला क्लचचे पेडल नव्हते. दुसरी २०२४ च्या नोव्हेंबरात मुलीसाठी घेतली. ती आठ वर्षे वापरलेली आणि हाताने गिअर टाकण्याची होती. दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या लहान गाड्या आहेत आणि दोन्ही आजही नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या इमारतीखाली शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यामुळे एकाच घरात, एकाच रस्त्यांवर आणि शेजारच्या आसनावर बसणाऱ्या एकाच माणसाच्या, म्हणजे माझ्या, देखरेखीखाली दोन्ही निर्णय कसे उतरले हे मला जवळून पाहता आले. ज्यांच्या घरी कोणी लवकरच लर्निंग लायसन्स काढणार आहे आणि नवी की जुनी, आत्ता की सणाला, असा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो. मायलेज, डिकी, स्क्रीनचा आकार या गोष्टी वाचकांना माझ्याइतक्याच ठाऊक आहेत, म्हणून त्या बाजूला ठेवतो.

दोन्ही प्रसंगांत नियम तेच होते. लर्निंग लायसन्स हातात आल्यापासून तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही, आणि लर्निंगची मुदत सहा महिन्यांची असते. म्हणजे पहिला महिना सक्तीचा आणि पुढचे पाच महिने आपल्या हातातले. या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावावा लागतो आणि परवानाधारक माणूस शेजारी, गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी, बसलेला असावा लागतो. चारचाकीच्या परवान्यात दुचाकीसारखा गिअरचा आणि बिनगिअरचा असा वेगळा वर्ग नाही, त्यामुळे क्लचवर शिकलेली व्यक्ती पुढे ऑटोमॅटिक चालवू शकते. खरेदीचे वेळापत्रक या सहा महिन्यांशी जुळते की नाही, हे आम्ही पहिल्या वेळी तपासलेच नाही. दुसऱ्या वेळी आधी तेच तपासले.

पत्नीने लर्निंग लायसन्स काढले ते २०२१ च्या जुलैमध्ये. ड्रायव्हिंग स्कूलचा एकवीस दिवसांचा वर्ग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपला. प्रशिक्षकाच्या बाजूला वेगळे ब्रेक आणि क्लच असलेल्या त्या गाडीवर तिचा हात चांगला बसला होता, आणि सप्टेंबरच्या मध्यावर तिने चाचणीही पहिल्या प्रयत्नात पार केली. गाडी मात्र दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायची असे घरात ठरले होते. त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला होता. ऑगस्टच्या अखेरीस आम्ही पैसे भरून गाडी नोंदवली. पितृपक्षात गाडी घरी आणायची नव्हतीच, त्यामुळे सहा-सात आठवड्यांची प्रतीक्षा आम्हांला सोयीचीच वाटली.

त्या वर्षी चिपच्या टंचाईने सगळ्याच कंपन्यांचे उत्पादन खोळंबलेले होते. दसरा गेला, दिवाळी गेली आणि गाडी १२ जानेवारीला, संक्रांतीच्या दोन दिवस आधी आली. बांधणी डिसेंबर २०२१ ची आणि नोंदणी २०२२ ची. आरसीवर बांधणीचा महिना छापलेला असल्याने उद्या ही गाडी विकताना ती एकवीसचीच धरली जाईल. टंचाईमुळे किंमतही एका पैशाने कमी झाली नाही. या दोन्ही गोष्टी मी सोडून दिल्या. सोडता आले नाही ते मधले अंतर. शाळेचा वर्ग संपल्यापासून पाच महिने आणि चाचणी दिल्यापासून चार महिने पत्नीने स्टीअरिंगला हात लावलेला नव्हता.

माझा निर्णय ज्या एका त्रासाने बदलला तो हाच, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. चार महिन्यांत माणूस वाहतुकीचे नियम विसरत नाही आणि आरशात पाहायचे असते हेही विसरत नाही. विसरतो तो पाय आणि विसरते ती नजर. बोनेट कुठे संपते, डावीकडचे चाक रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर आहे, पुढचा ई-रिक्षा अचानक थांबला तर ब्रेक किती दाबायचा, या गोष्टी शिकाऊ माणसाला विचार करून कराव्या लागतात, आणि रोज केल्या तरच हळूहळू विचाराशिवाय होऊ लागतात. एकवीस दिवसांत त्या जेमतेम अंगात उतरू लागलेल्या असतात. तिथे खंड पडला की सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते, आणि या वेळी शेजारी दुहेरी ब्रेकवाला प्रशिक्षक नसतो, नवरा असतो.

आमच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडली. पत्नी शिकली होती क्लचच्या गाडीवर आणि घरी आली बिनक्लचची. क्लच शोधायची सवय लागलेला डावा पाय गाडीचा वेग कमी करताना आपोआप पुढे जायचा आणि तिथे असलेल्या रुंद ब्रेकवर क्लचच्या सवयीने पूर्ण दाबाने पडायचा. पहिल्याच रविवारी लक्ष्मीनगर चौकाच्या अलीकडे गाडी अशी जागच्या जागी थांबली की मागचा दुचाकीस्वार केवळ नशिबाने वाचला. “अहो, मी क्लचच दाबला होता,” असे ती म्हणाली, आणि ते खरे होते. उपाय साधा आहे: डावा पाय गुडघ्यात दुमडून आसनाच्या कडेला टेकवून ठेवायचा. पण तो लक्षात ठेवावा लागतो, आणि घाबरलेला माणूस लक्षात ठेवलेले सर्वांत आधी विसरतो. मार्च उजाडला तरी ती एकटीने गाडी काढत नव्हती. एप्रिलमध्ये ऊन चढले, आणि सकाळी आठनंतर सरावाला बाहेर पडणे कठीण झाले. खऱ्या अर्थाने ती गाडी चालवू लागली ती त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे लर्निंग लायसन्स काढल्यापासून सव्वा वर्षाने.

मुलीच्या वेळी म्हणून क्रम उलटा केला. भाऊबीज झाल्यावर, ४ नोव्हेंबर २०२४ ला तिचे लर्निंग निघाले. ११ तारखेला ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग सुरू झाला. गाडी वर्ग संपायच्या आत दारात हवी, एवढी एकच अट मी स्वतःला घातली होती. शोध दिवाळीच्या आधीच सुरू होता, कारण दिवाळीच्या आगेमागे घराघरांत नवी गाडी येते आणि जुनी निघते. त्या काही आठवड्यांत ओळखीतल्या गाड्या जितक्या ऐकायला मिळाल्या तितक्या एरवी वर्षभरात मिळत नाहीत. माझ्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला जाणार होते. त्यांची खामल्यातली २०१६ ची गाडी एकहाती वापरलेली, एकेचाळीस हजार किलोमीटर चाललेली आणि एमएच-३१ चीच होती. वर्ष संपत आले होते, जानेवारीत गाडी कागदावर आणखी एका वर्षाने जुनी होणार हे त्यांनाही कळत होते, आणि बोलणी २ लाख ४५ हजारांवर थांबली. ३० नोव्हेंबरला, शनिवारी, गाडी आमच्या खाली आली. वर्गाचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता.

घेण्यापूर्वी ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेले होते. शिकाऊ माणसासाठी जुनी गाडी पाहताना इंजिनाइतकेच क्लचकडे पाहावे, हे त्याच्याकडून शिकलो. त्याने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत अचानक ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे दिसले तर क्लच प्लेट घसरते आहे असे समजावे. तसे नव्हते. मग त्याने मुलीलाच आसनावर बसवून क्लच पंधरा-वीस वेळा दाबायला लावला. पेडल जड असेल तर नव्या माणसाचा डावा पाय अर्ध्या तासात थरथरू लागतो, आणि थकलेला पाय क्लच झटक्याने सोडतो. पेडल थोडे जड होते, ते केबल बदलल्यावर हलके झाले. प्लेट अर्धी झिजलेली असावी असा त्याचा अंदाज होता. मी लगेच नवी टाकायला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “आत्ता टाकू नका ना साहेब. पोरगी शिकून राहिली आहे, नवी प्लेटही ती खाऊनच टाकेल. आहे तिच्यावरच शिकू द्या, हात बसला की मग टाकू.” त्याचे म्हणणे ऐकले याचे समाधान आहे. पहिले दोन महिने गाडीत जळक्या वासाशिवाय एकही दिवस गेला नाही, कारण चढावर आणि चौकात ती अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवत असे. पुढच्या जूनमध्ये क्लचचा पूर्ण संच बदलला, त्याला मजुरीसह नऊ हजारांच्या आत खर्च आला. तेव्हापासून तो वास आलेला नाही.

इथे बिनक्लचच्या गाडीबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. लहान गाड्यांमध्ये जी स्वस्त ऑटोमॅटिक मिळते ती बहुतेक एएमटी असते, म्हणजे आत नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त पायाऐवजी एक यंत्रणा ते काम करते. रामझुल्याच्या चढावर वाहतूक तुंबली असताना ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर इथेही क्लच तसाच झिजतो. फरक इतकाच की पायाला काही जाणवत नाही, त्यामुळे चूक लक्षात यायला उशीर होतो. शिकाऊ माणसाला एएमटी द्यायचीच असेल तर चढावरून सुटताना गाडी मागे न सरकू देणारी सोय त्या प्रकारात आहे की नाही, हे प्रत्यक्ष चढावर चालवून पाहावे. आपले शहर सपाट असले तरी उड्डाणपूल आणि इमारतींच्या तळघरांचे उतार भरपूर आहेत.

चुकीच्या क्षणी गाडी काय करते, हा दोहोंतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक आहे. क्लचच्या गाडीत नवा माणूस गोंधळला की बहुतेक वेळा क्लच चटकन सुटतो आणि गाडी एक हिसका देऊन बंद पडते. मागून हॉर्न वाजतात, माणूस ओशाळतो, पण गाडी थांबलेली असते. बिनक्लचच्या गाडीत गोंधळलेला पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला तर गाडी बंद पडत नाही, ती पुढे झेपावते. पत्नीकडून पार्किंगमध्ये असे एकदा झाले आणि डावीकडचा मागचा दरवाजा खांबाला घासला. वेग अगदी कमी होता म्हणून तेवढ्यावर निभावले. मुलीची गाडी पहिल्या महिन्यात दिवसाला दहा वेळा बंद पडली असेल, पण झेपावली एकदाही नाही. दोन माणसांच्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढणे बरोबर नाही हे मला मान्य आहे. तरीही शेजारी बसणाऱ्या माणसाने या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

शेजारी बसणाऱ्याच्या हातात घरच्या गाडीत असतो तो केवळ हँडब्रेक. म्हणून दोन आसनांच्या मध्ये, ओढायचा दांडा असलेलाच हँडब्रेक असावा, असा माझा आग्रह आहे. नव्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत त्याऐवजी बटण येऊ लागले आहे. ते रोजच्या वापराला छान आहे, पण शेजाऱ्याला त्याने ब्रेक किती लागेल हे हाताने मोजता येत नाही. दांडा असेल तर त्याचे टोक अंगठ्याने दाबून धरून, हळूहळू ओढत, गाडी मंद वेगात सुरक्षित थांबवता येते. जोराच्या वेगात मात्र तो खसकन ओढू नये, मागची चाके घसरतात. मिहानच्या रुंद रस्त्यांवर रविवारी सकाळी मुलीला शिकवताना पहिल्या दोन रविवारी मी तो सहा-सात वेळा वापरला असेन, नंतर कधी वापरावा लागला नाही.

आता पैशांचे. नव्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: आमच्या दोन्ही खरेद्यांनंतर, २२ सप्टेंबर २०२५ पासून, १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी उपकर धरून तो २९ टक्के होता. नवी आणि जुनी यांच्यातले अंतर त्यामुळे कमी झाले आहे, आणि मी २०२४ मध्ये केलेला हिशेब आज जसाच्या तसा लागू होणार नाही. जुन्या गाडीचा भाव सांगणारा माणूस अजून जुन्याच आकड्यांवर अडून बसला असेल तर त्याला नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत दाखवावी.

पण शिकाऊ माणसाच्या गाडीचा खरा खर्च लहान लहान ओरखड्यांचा असतो, आणि तिथे विम्याचा फारसा उपयोग होत नाही. पत्नीच्या गाडीचा तो खांबाला घासलेला दरवाजा घ्या. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च साडेचार हजार सांगितला गेला. आमचा विमा झिरो डेपचा, म्हणजे बदललेल्या भागांची झीज कापून न घेणारा होता, त्यामुळे आपण भरायचे सक्तीचे एक हजार वगळता साडेतीन हजार मिळाले असते. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. पहिल्या वर्षी दावा नसेल तर २० टक्के, दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी ३५, अशी ती शिडी असते. पहिल्याच वर्षी दावा केला तर पुढची तीन नूतनीकरणे शून्य, २० आणि २५ अशी होतात. म्हणजे तीन वर्षांत मिळून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरची ३५ टक्के सवलत गेली. आमचा तो हप्ता सुमारे दहा हजार होता. साडेतीन हजार मिळवायला जवळजवळ साडेतीन हजारच गमवायचे. म्हणून खिशातून दिले. त्या वर्षभरात असे तीन प्रसंग झाले आणि तेरा हजार गेले. नव्या गाडीवरचा ओरखडा तसाच ठेवायला मन तयार होत नाही, हे त्यामागचे खरे कारण.

मुलीच्या गाडीवर आज पाच ओरखडे आहेत. दोन तर आधीच्याच मालकांचे आहेत. एकही दुरुस्त केलेला नाही. तिच्या मनावर त्याचे ओझे नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नाही. गोकुळपेठ बाजारात कुणाची हातगाडी घासून गेली तेव्हा आरशात पाहून ती शांतपणे पुढे निघाली. त्याच परिस्थितीत तिच्या आईने गाडी थांबवून खाली उतरून पाहिले असते, आणि मागे वाहतूक तुंबली असती.

जुन्या गाडीत कागदांची काळजी मात्र जास्त घ्यावी लागते. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून काम संपत नाही. विक्रीनंतर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावे करून घ्यायला चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो. शिकाऊ चालकाच्या घरात नेमके हेच चौदा दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. तेवढा फरक भरावा लागतो. गाडी मी माझ्या नावावर घेतली, कारण मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पक्का परवाना असलेल्या मालकालाच मिळतो आणि मुलीकडे तेव्हा केवळ लर्निंग होते. आणि एक गोष्ट नव्या-जुन्या दोन्हींना लागू आहे: लर्निंगवर एकटीने गाडी काढली आणि अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. “बाबा, फक्त त्रिमूर्तीनगरपर्यंत जाऊन येते,” या विनंतीला मी नेहमी नाही म्हणालो.

वेळेबद्दल विचाराल तर नागपुरात शिकण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच, असे माझे मत झाले आहे. एप्रिल-मे मध्ये दिवसाचे बहुतेक तास सरावाला निरुपयोगी असतात. जून-जुलैच्या पावसात काच आतून धुरकट होते, नरेंद्रनगरच्या भुयारी रस्त्यासारख्या जागी पाणी साचते, आणि नवा माणूस वायपर, काचेवरची हवा आणि क्लच एकाच वेळी सांभाळू शकत नाही. हिवाळ्यात सातच्या सुमारास उजाडते, रस्ते मोकळे असतात, आणि तास-दीड तास सलग चालवता येते. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडतात, तेवढे दिवस ती बाजू टाळावी. मुलीने १६ जानेवारीला चाचणी दिली, आपल्याच गाडीवर. विमा आणि पीयूसीची कागदपत्रे सोबत होती. लर्निंगची मुदत ३ मेपर्यंत होती, त्यामुळे ती नापास झाली असती तरी पुन्हा प्रयत्नाला साडेतीन महिने उरले असते. घाई नसल्याचा तिच्या पायावर झालेला परिणाम मला शेजारी बसून दिसत होता.

नवीच घ्यायची असेल तर मुहूर्ताला विरोध नाही. आमच्याही घरी दसऱ्याला गाडीला हार घातला जातो. पण मग मुहूर्त आधी धरावा आणि लर्निंग त्यानुसार काढावे. गाडी दसऱ्याला मिळणार असेल तर लर्निंग दसऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढून वर्ग नवरात्रात सुरू करावा, म्हणजे गाडी येईपर्यंत हात चालू राहतो. पितृपक्षात शोरूम ओस असतात. तेव्हा नोंदणी केली तर सवलतीबद्दल बोलायला विक्रेत्याला वेळही असतो आणि इच्छाही. डिसेंबरच्या अखेरची सवलत मोठी दिसते, पण ती बहुधा सरत्या वर्षाच्या बांधणीवर असते. पुढे आठ-दहा वर्षे ठेवणार असाल तर ती खुशाल घ्यावी. दोन-तीन वर्षांत बदलणार असाल तर विकताना तेवढे पैसे परत जातात. आणि ठरलेल्या तारखेला गाडी आली नाही तर वर्गाचे शेवटचे आठ-दहा दिवस राखून ठेवता येतील का, हे ड्रायव्हिंग स्कूलला आधी विचारावे. आम्ही २०२१ मध्ये एवढे जरी विचारले असते तरी मधले पाच महिने पूर्ण वाया गेले नसते.

बिनक्लचची नवी गाडी कोणासाठी योग्य, हेही सांगतो, कारण काही घरांत तीच निवड बरोबर आहे. ज्यांचा डावा गुडघा दुखतो, ज्यांना शिकल्यावर रोज सीताबर्डी किंवा धंतोलीच्या गर्दीतून जायचे आहे, किंवा ज्यांनी ठरवले आहे की आयुष्यात क्लचची गाडी चालवायचीच नाही, त्यांनी ती घ्यावी. मात्र शिकतानाही बिनक्लचची गाडी असलेलेच ड्रायव्हिंग स्कूल शोधावे, म्हणजे डाव्या पायाला नको ती सवय लागणार नाही. पत्नी आज तिच्या गाडीवर समाधानी आहे आणि वर्धा रोडच्या रांगेत तिचे पाय माझ्यापेक्षा कमी थकतात. ती गाडी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. ती तिच्याकडे चुकीच्या महिन्यात आली.

मुलगी आता पदव्युत्तर शिक्षणासाठी जूनमध्ये मुंबईला जाईल आणि तिथे तिला गाडी लागणार नाही. माझ्या बहिणीचा मुलगा मनीषनगरला राहतो. त्याला अठरा पूर्ण होत आहेत आणि तो येत्या नोव्हेंबरात लर्निंग काढणार आहे. २०१६ ची ती गाडी त्याच्यासाठी राखून ठेवली आहे. भाव ठरला आहे १ लाख ६० हजार, ओरखड्यांसकट. तारीखही ठरली आहे: त्याच्या वर्गाचा पंधरावा दिवस.